चिडलेल्या कस्टमरचा एक खरा किस्सा घेऊन कस्टमर सपोर्टच्या नोकरीचं पत्र कसं लिहायचं

कस्टमर सपोर्टसाठी येणाऱ्या अर्जांमध्ये एक वाक्य जवळपास ठरलेलं असतं, "माझ्यात एम्पथी आहे आणि रागावलेल्या ग्राहकांना मी संयमाने हाताळू शकतो." मी सपोर्ट टीम सांभाळली आहे आणि भरतीच्या वेळी अशी पत्रं ढिगाने वाचली आहेत, आणि खरं सांगते, हे वाक्य डोळ्यांना दिसतसुद्धा नाही, कारण ते सगळ्यांनीच लिहिलेलं असतं. वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. याउलट कोणी एक खरा कॉल नीट सांगितला, की कस्टमर काय म्हणाला, त्याला नेमकं काय लागलं होतं, तुम्ही काय बोललात आणि मग काय केलंत, तर दोन मिनिटांत कळतं की या माणसाला उद्या फोनवर बसवलं तर तो कसा वागेल.

तर हा लेख फक्त त्या एका किश्श्याबद्दल आहे. तो निवडायचा कसा, लिहायचा कसा, पत्रात बसवायचा कसा. पूर्ण लेखात एकच उदाहरण धरून चालते म्हणजे सगळं जागेवर दिसेल. माझ्या ओळखीचा एक मुलगा इंटरनेट कनेक्शन देणाऱ्या कंपनीच्या सपोर्टला होता, दुसरीकडे अर्ज करत होता, आणि त्याने मला पत्र दाखवलं. त्यातला मुख्य भाग असा होता:

"एकदा मला एका अत्यंत रागावलेल्या ग्राहकाचा फोन आला. मी त्यांचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं, झालेल्या त्रासाबद्दल माफी मागितली आणि त्यांची समस्या तातडीने सोडवली. शेवटी ग्राहक अतिशय समाधानी झाले."

व्याकरण ठीक, भाषा ठीक, पण आता हेच बँकेच्या सपोर्टला चिकटवा, हॉटेलच्या रिसेप्शनला चिकटवा, कुठेही बसेल. कोणता त्रास? कशाची माफी? समस्या काय होती? या परिच्छेदात कस्टमर नावाचा माणूसच नाहीये. मी त्याला म्हटलं, पत्र बाजूला ठेव आणि तो कॉल मला तोंडी सांग. आणि मग जे बाहेर आलं ते इतकं चांगलं होतं की मला वाईट वाटलं, हा हे सगळं कापून टाकून वरचं गुळगुळीत लिहीत होता.

पायरी १ : किस्सा निवडताना

बरेच जण सगळ्यात भयंकर कॉल निवडतात, ज्यात कस्टमरने शिव्या दिल्या, कोर्टात जायची धमकी दिली वगैरे. त्याची गरज नाही. उलट तसा किस्सा लिहिताना नकळत पत्राचा सूर "बघा मी काय काय सहन केलं" असा होतो आणि कस्टमर व्हिलन होऊन बसतो. वाचणाऱ्याला तुम्ही किती सहन करता यापेक्षा तुम्हाला समोरच्याचं किती कळतं हे बघायचं असतं.

मी निवडताना तीन गोष्टी बघायला सांगते. एक, कस्टमरच्या रागाला खरं कारण होतं का, म्हणजे त्याच्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही चिडला असता का. दोन, तुम्ही स्वतः काहीतरी केलंत का, की फक्त सुपरवायझरला कॉल जोडून दिलात. तीन, कस्टमरचं निदान एक वाक्य तुम्हाला जसंच्या तसं आठवतं का. ही तिसरी अट लोकांना विचित्र वाटते पण तीच सगळ्यात उपयोगी आहे, कारण जे वाक्य तुमच्या लक्षात राहिलंय त्यातच बहुतेक वेळा त्या माणसाचं खरं दुखणं असतं.

आणि एक टाळाच, ज्या किश्श्यात राग फक्त सूट किंवा फुकट काहीतरी देऊन गेला तो घेऊ नका. पैसे परत दिल्यावर कोणीही शांत होतं, त्यात तुमचं काय दिसणार.

त्या मुलाचा कॉल या तिन्हीत बसत होता. एका बाईंचं इंटरनेट बंद होतं. तक्रार केली, टेक्निशियन येणार म्हणून वेळ ठरली, कोणी आलं नाही. परत तक्रार, परत वेळ, परत तेच. आणि दोन्ही वेळा सिस्टीममध्ये टिकेट, म्हणजे तक्रारीची नोंद, बंद झालेलं, शेरा असा की कस्टमर घरी उपलब्ध नव्हते. तिसरा कॉल या मुलाकडे आला.

पायरी २ : आधी सगळं कच्चं लिहून काढा

पत्राचा विचार न करता, मित्राला सांगतो तसं पानभर लिहा. वाक्यं वाकडीतिकडी असू देत. यात काय काय यायला हवं ते सांगते: कस्टमर तुमच्यापर्यंत येण्याआधी त्याच्यासोबत काय काय झालं होतं, त्याचं पहिलं वाक्य काय होतं, तो कुठली गोष्ट पुन्हा पुन्हा बोलत होता, तुमचं पहिलं वाक्य काय होतं, तुम्ही स्क्रीनवर काय बघितलंत, आवाज कुठे बदलला, आणि शेवटी काय राहून गेलं.

यातलं "पुन्हा पुन्हा काय बोलत होता" हे अजिबात सोडू नका. चिडलेला माणूस एकच गोष्ट फिरून फिरून बोलतो तेव्हा बहुतेक वेळा ती अजून कोणी ऐकलीच नाही असं त्याला वाटत असतं. आपल्याला वाटतं हा ऐकतच नाहीये, पण त्याच्या बाजूने बघितलं तर ऐकत आपण नसतो.

त्या मुलाच्या कच्च्या पानावर हे आलं. बाईंनी फोन लागताच म्हटलं, "तुमच्याकडे मी घरी नव्हते असं लिहिलंय ना, मी घरीच होते." मग इंटरनेट कधीपासून बंद आहे ते सांगितलं आणि लगेच परत, मी घरीच होते, दोन्ही दिवस कामावर सुट्टी टाकून बसले होते. तो म्हणाला नवीन वेळ देतो, त्या म्हणाल्या वेळ नको आहे मला, मी घरीच होते. तेव्हा त्याला कळलं की नवीन वेळ देऊन हा कॉल संपणार नाही.

पायरी ३ : रागाचं दुसरं कारण शोधा

ही पायरी नीट झाली तर बाकीचं पत्र सोपं जातं, म्हणून इथे जरा थांबूया.

बहुतेक चिडलेल्या कॉलमध्ये दोन कारणं असतात. पहिलं टिकेटवर लिहिलेलं असतं, इंटरनेट बंद, पार्सल आलं नाही, पैसे दोनदा कापले गेले. दुसरं कुठेही लिहिलेलं नसतं. ते असतं की मला खोटं ठरवलं, मला चार जणांकडे फिरवलं आणि प्रत्येकाला पहिल्यापासून सांगावं लागलं, मला घाबरायला झालंय की पैसे गेले, माझी घरच्यांसमोर मान खाली गेली. पहिलं कारण तक्रार सुरू करतं, आवाज चढतो तो दुसऱ्यामुळे.

आता त्या बाईंचं बघा. पहिलं कारण इंटरनेट बंद. दुसरं, कंपनीच्या रेकॉर्डने त्यांना खोटं पाडलं होतं, आणि तेही त्यांनी सुट्टी टाकून वाट बघितलेल्या दिवसांबद्दल. एखादा एजंट पहिल्याच कारणाला उत्तर देत राहिला, "मॅडम, उद्याची वेळ देतो, परवाची देतो", तर त्याचा अर्थ त्यांच्या कानाला असा की तुम्ही घरी नव्हता हे आम्ही धरून चाललोय, आता निदान यावेळी थांबा. तो मदतच करतोय आणि समोरचा जास्त पेटतोय, हे असं होतं.

तुमच्या कच्च्या पानावरून एक वाक्य तयार करा, "कस्टमरची तक्रार ___ ची होती, पण त्याला लागलं होतं ते ___." दुसरी रिकामी जागा भरता येत नसेल तर दोन शक्यता आहेत, एक तर अजून आठवा, नाहीतर किस्सा बदला. आणि "सर्व्हिस खराब होती" किंवा "उशीर झाला" असलं काही तिथे भरलं असेल तर ते अजून पहिलंच कारण आहे, आणखी खोल जायला हवं.

हे वाक्य जवळपास असंच पत्रात जाणार आहे. एम्पथी म्हणजे जे काही आहे ते पत्रात याच वाक्यात दिसतं, बाकी किस्सा त्याचा पुरावा.

पायरी ४ : तुम्ही जे बोललात ते अवतरणात द्या

"मी त्यांना समजावलं" असं लिहू नका. काय म्हणून समजावलं ते लिहा, एकच वाक्य, पण तुमच्या तोंडचं. सपोर्टमध्ये काम करणाऱ्या माणसाला दुसऱ्याचं एक वाक्य ऐकून खूप काही कळतं.

त्या मुलाने काय केलं होतं तर त्याने बाईंना मधे न थांबवता बोलू दिलं, मग म्हणाला की मला एक मिनिट द्या, मी आधीचे दोन्ही शेरे वाचतो, म्हणजे तुम्हाला परत सगळं सांगावं लागणार नाही. वाचले. आणि मग म्हणाला, "मॅडम, तुम्ही दोन दिवस सुट्टी टाकून थांबलात आणि आमच्याकडे तुम्ही नव्हता असं लिहिलंय. तुमचं म्हणणं मी आधी इथे नोंदवतो, मग पुढचं बघू."

यात एक बारीक गोष्ट आहे. त्याला खात्रीने माहीत नव्हतं की बाई घरी होत्या की नव्हत्या, तो काही तिथे नव्हता. त्याने टेक्निशियनला खोटारडा म्हटलं नाही. त्याने फक्त दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या आणि त्यांची बाजू रेकॉर्डवर आणली, जी तोपर्यंत कुठेच नव्हती. सहकाऱ्यावर न ढकलता कस्टमरच्या बाजूने उभं राहणं असं असतं, आणि भरती करणारा माणूस हे ओळखतो.

तुमचं वाक्य ठरवताना ते साच्यातलं आहे का हे तपासायची सोपी पद्धत अशी की ते दुसऱ्या कुठल्या तक्रारीला लावून बघा. "झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत" कशालाही लागतं, म्हणून ते बाद. "मला तुमच्या भावना समजतात" तेही बाद, ते ऐकून तर माणूस जास्त चिडतो. "शांत व्हा" पत्रात चुकूनही नको. तुमच्या वाक्यात त्या कस्टमरसोबत घडलेली एखादी ठोस गोष्ट असली पाहिजे, इथे दोन दिवसांची सुट्टी आणि तो शेरा आहे तशी. माफी मागितली असेल तर ती नेमकी कशाची हेही त्याच वाक्यात यायला हवं.

शब्द हुबेहूब आठवत नसतील तर? अर्थ आणि ढंग तोच ठेवून जवळचं वाक्य लिहा, ते चालतं, पण न बोललेलं सुंदर वाक्य घुसवू नका. इंटरव्ह्यूमध्ये तो प्रसंग पुन्हा सांगायला लागतो आणि नटवलेलं वाक्य तिथे उघडं पडतं.

पायरी ५ : केलं काय, आणि कुठल्या क्रमाने

नुसतं छान बोललेलं पुरत नाही. बोलल्यानंतर तुमच्या हातून वेगळं काय झालं ते हवं, आणि छोटं असलं तरी ठोस हवं.

मुलाने बाईंचं म्हणणं टिकेटवर लिहिलं आणि लिहिलेलं त्यांना वाचून दाखवलं. तो म्हणतो इथेच आवाज खाली आला. मग त्याने विचारलं की त्या दिवशी तुमच्या फोनवर कॉल आला होता का, त्या म्हणाल्या एकही नाही. त्याने रेकॉर्डमधला नंबर बघितला, तर तो त्यांनी कधीच बंद केलेला जुना नंबर होता. टेक्निशियन इमारतीपाशी येऊन त्या नंबरवर फोन करत होता, लागत नव्हता, मग शेरा मारून पुढच्या कामाला जात होता. म्हणजे कोणीच खोटं बोलत नव्हतं.

आता क्रम बघा, कारण माझ्या मते या कॉलमधली सगळ्यात चांगली गोष्ट हीच आहे. समजा त्याने सुरुवातीलाच नंबर बघितला असता आणि म्हटलं असतं, मॅडम तुमचा नंबर जुना आहे. माहिती तीच, बरोबरसुद्धा, पण त्या क्षणी ते "चूक तुमचीच" असं ऐकू गेलं असतं आणि फोन आपटला गेला असता. आधी त्यांची बाजू नोंदवली, वाचून दाखवली, मग नंबर विचारला, आणि तोही असा की "आमच्याकडे हा नंबर आहे, तुम्ही हा वापरता का?" त्यामुळे बाईंनी स्वतःच सांगितलं, अरे हा तर बंद केलाय मी. पत्रात हा क्रम दोन वाक्यांत दिसायला हवा, सांगत बसायची गरज नाही की मी मुद्दाम असं केलं, नुसतं घडलं तसं मांडलं तरी जाणकाराला दिसतं.

आणि तुमच्या हातात जे नव्हतं तेही लिहा. लोक हे लपवतात कारण वाटतं कमकुवत दिसेल, पण सपोर्टमध्ये रोज कोणाला तरी नाही म्हणावं लागतं आणि नाही कसं म्हणता हे बघायला भरती करणारे उत्सुक असतात. बाईंनी बंद दिवसांचे पैसे बिलातून कमी करा म्हटलं. त्याला तो अधिकार नव्हता. तो म्हणाला, "हे मी मंजूर करू शकत नाही, बिलिंगकडे पाठवतो. होईलच असं आत्ता म्हणणार नाही, पण उद्या संध्याकाळी सहापर्यंत काय ठरलं ते मी स्वतः फोन करून सांगेन." बिल कमी होईल असं वचन त्याने दिलं नाही कारण ते दुसऱ्याच्या हातात होतं, फोन करणं त्याच्या हातात होतं, म्हणून तेवढ्याचंच वचन दिलं.

पायरी ६ : शेवट आहे तसा ठेवा

"कस्टमर अतिशय खूश झाले आणि आमचे कायमचे ग्राहक बनले" असा शेवट वाचला की आधीच्या खऱ्या गोष्टीवरचाही विश्वास उडतो. खऱ्या कॉलचे शेवट अर्धवट असतात. या बाईंचं इंटरनेट दुसऱ्या दिवशी सुरू झालं, पण बिलिंगने सगळ्या दिवसांचे पैसे कमी केले नाहीत, काही दिवसांचेच केले. त्याने ठरल्या वेळी फोन करून ते सांगितलं, त्या नाराज झाल्या, पण ओरडल्या नाहीत, म्हणाल्या निदान सांगायला फोन तरी केलात. बस, हाच शेवट चांगला आहे.

रेटिंगचे आकडे असतील आणि तुमचेच असतील तर लिहायला हरकत नाही, पण किश्श्याच्या आत नको, रिझ्युमेमध्ये लिहा. आणि आठवत नसलेला आकडा अंदाजाने तर अजिबात नको.

त्यानंतर तुमच्या कामात काही बदललं असेल तर एक वाक्य द्या. हा मुलगा त्या कॉलनंतर टेक्निशियनची वेळ ठरवण्याआधी प्रत्येक कस्टमरला नंबर विचारून घ्यायला लागला, टीम लीडला सांगितलं, आणि पुढे तो प्रश्न सगळ्या टीमच्या चेकलिस्टमध्ये आला. तुमच्याकडे असं काही नसेल तर ओढूनताणून आणू नका, किस्सा त्याशिवायही उभा राहतो.

पायरी ७ : काय काढून टाकायचं

कस्टमरचं नाव, नंबर, पत्ता, ऑर्डर नंबर, ज्यावरून ओळख पटेल असं काहीही पत्रात नको. "एक कस्टमर" पुरेसं आहे. इथे चूक झाली तर गोष्ट सरळ उलटी पडते, कारण उद्या तुमच्या हातात त्यांच्या कस्टमरची माहिती देणार आहेत आणि तुम्ही ती पत्रात टाकणारे निघालात. नोकरी सोडताना किंवा लागताना गुप्ततेचा करार सही केला असेल तर तो एकदा वाचा, आतल्या सिस्टीमची नावं, बिलिंगचे नियम हे टाळा.

जुन्या कंपनीला नावं ठेवणारे शब्दही काढा. "आमच्या टेक्निशियनच्या हलगर्जीपणामुळे" असं लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं उद्या हा आपल्याबद्दल असंच बोलेल. काय घडलं तेवढं लिहा, कोणाचा दोष हे नको. तसंच कस्टमरसाठी "उद्धट", "कटकट्या", "समजूतदार नसलेले" असले शब्द नकोत, त्यांचं बोलणं अवतरणात दिलंत की राग आपोआप कळतो.

शेवटी पत्रात "सहानुभूती", "एम्पथी", "संयम", "सकारात्मक दृष्टिकोन" हे शब्द शोधा आणि किश्श्याच्या आसपासचे सगळे काढून टाका. काढल्यावरही ते गुण दिसत असतील तर पत्र जमलं. दिसत नसतील तर पायरी तीनवर परत जा.

पायरी ८ : पत्रात बसवा

पूर्ण पत्र एका पानात, साधारण अडीचशे-तीनशे शब्दांत बसवा, आणि त्यातला निम्म्याहून जास्त भाग किश्श्याला द्या. सुरुवात दोन वाक्यांची, कुठल्या जागेसाठी आणि आत्ता तुम्ही काय करता. शेवटी एक छोटा परिच्छेद, जो जाहिरातीतल्या कामाला जोडतो. बाकी तुमचं शिक्षण, सॉफ्टवेअर, टायपिंगचा वेग वगैरे रिझ्युमेमध्ये आहेच. मुलाचं पत्र शेवटी असं झालं:

"नमस्कार,

आपल्या कस्टमर सपोर्टच्या जागेसाठी अर्ज करत आहे. सध्या मी इंटरनेट सेवा देणाऱ्या एका कंपनीत फोन सपोर्टला आहे.

माझं काम कसं असतं ते एका कॉलवरून सांगतो. एका कस्टमरचं इंटरनेट बंद होतं आणि टेक्निशियनच्या दोन ठरलेल्या भेटी 'कस्टमर घरी नाहीत' या शेऱ्यावर बंद झाल्या होत्या. त्यांचं पहिलंच वाक्य होतं, 'मी घरीच होते.' मी नवीन वेळ देऊ केली तरी त्या तेच म्हणत राहिल्या. तक्रार इंटरनेटची होती, पण त्यांना लागलं होतं ते सुट्टी टाकून थांबल्यावरही खोटं ठरवलं गेल्याचं. मी आधीचे शेरे वाचले आणि म्हणालो, 'तुम्ही दोन दिवस सुट्टी टाकून थांबलात आणि आमच्याकडे तुम्ही नव्हता असं लिहिलंय. तुमचं म्हणणं मी आधी नोंदवतो, मग पुढचं बघू.' नोंद त्यांना वाचून दाखवल्यावर आम्ही मिळून कारण शोधलं. आमच्याकडे त्यांचा जुना नंबर होता आणि टेक्निशियन त्यावरच फोन करत होता. दुसऱ्या दिवशी कनेक्शन सुरू झालं. बंद दिवसांचे पैसे कमी करणं माझ्या अधिकारात नव्हतं, ते मी तेव्हाच स्पष्ट सांगितलं आणि बिलिंगचा निर्णय ठरल्या वेळी फोन करून कळवला. तो त्यांना पूर्ण पटला नाही, पण त्या शांतपणे बोलल्या. तेव्हापासून मी भेट ठरवण्याआधी नंबर विचारून घेतो, आता आमची पूर्ण टीम तसं करते.

आपल्या जाहिरातीत ऑर्डर आणि रिफंडच्या तक्रारी हाताळण्याचं काम आहे. अशा तक्रारींमध्ये कस्टमर अनेकदा आधी कोणाशी तरी बोलून आलेला असतो. आधीच्या नोंदी वाचून, त्याला परत पहिल्यापासून सांगायला न लावता काम पुढे नेणं मला जमतं. भेटून अधिक बोलायला आवडेल.

आपला,"

आणि खाली नाव. याच्या पहिल्या आवृत्तीशी ताडून बघा, माणूस तोच, कॉल तोच.

शेवटच्या परिच्छेदात एक गोष्ट लक्षात घ्या, त्याने इंटरनेटचा किस्सा सांगून ऑर्डर-रिफंडच्या कामाला अर्ज केलाय, मग जोडणारा धागा कोणता? दोन्हीकडे कस्टमर आधीच कोणाशी तरी बोलून थकून आलेला असतो. तुमचं क्षेत्र बदलत असेल तर असा धागा शोधा, तो विषयात कमी आणि माणसाच्या अवस्थेत जास्त सापडतो.

जागा चॅट किंवा ईमेलची असेल तर

मग पत्र म्हणजेच तुमच्या लिखाणाचा नमुना झाला. शक्यतो लिखित तक्रारीचाच किस्सा घ्या आणि तुम्ही पाठवलेल्या उत्तरातली दोन वाक्यं द्या. लिहिताना आवाजाचा आधार नसतो, त्यामुळे उत्तराचं पहिलं वाक्य कस्टमरच्या नेमक्या गोष्टीबद्दल होतं हे दाखवणं इथे जास्त गरजेचं. परिच्छेद छोटे ठेवा आणि शुद्धलेखन दुसऱ्या कोणाकडून तरी तपासून घ्या.

अजून सपोर्टची नोकरीच केली नसेल तर

तरी चालतं. कॉलेजच्या कार्यक्रमात नोंदणीच्या टेबलवर बसला होतात आणि नाव यादीत नाही म्हणून कोणी चिडलं, क्लासमध्ये एखाद्या मुलाचे पालक भांडायला आले, सोसायटीचं काही काम बघताना कोणी तावातावाने आलं, हे सगळं चालतं. फक्त ते तुमच्यावर चिडलेले नसून तुम्ही ज्यांच्या वतीने तिथे होतात त्यांच्यावर चिडलेले असावेत, कारण सपोर्टचं काम नेमकं तेच आहे, दुसऱ्याने केलेल्या गोष्टीसाठी समोर उभं राहणं. मित्राशी किंवा घरात झालेलं भांडण मिटवल्याचा किस्सा म्हणूनच बसत नाही.

पाठवण्याआधी

पत्र मोठ्याने वाचा. तुमचं बोललेलं वाक्य जिथे येतं तिथे जीभ अडखळली तर ते तुम्ही बोललेलंच नाहीये, लिहिताना सजवलंय, ते साधं करा. मग कोणा ओळखीच्याला पत्र देऊन एवढंच विचारा, कस्टमर कशामुळे चिडला होता? त्याने "इंटरनेट बंद होतं म्हणून" असं पहिलं कारण सांगितलं तर दुसरं कारण पत्रात पुरेसं स्पष्ट आलेलं नाही. "त्यांना खोटं पाडलं म्हणून" असं आलं तर पाठवून द्या.

मग इंटरव्ह्यूची तयारी याच किश्श्यावर करा, कारण पत्र वाचलेला माणूस त्यावरच विचारणार. त्या मुलाला मी हे प्रश्न विचारून बघितले होते: टेक्निशियन खरंच आलाच नसता तर काय केलं असतंस? बाई शेवटपर्यंत ओरडतच राहिल्या असत्या तर? तो कॉल संपल्यावर लगेच पुढचा कॉल घेतलास का आणि कसा? या तिसऱ्याचं उत्तर त्याच्याकडे तयार नव्हतं, थोडं थांबला आणि म्हणाला की कॉल ठेवल्यावर आधी टिकेटवर सगळं लिहिलं, कारण उद्या मी सुट्टीवर असलो तर दुसऱ्या कोणीतरी सहा वाजता त्यांना फोन करायला हवा होता. मी त्याला म्हटलं हे असंच सांग, एक शब्द बदलू नकोस.